आयडल फोन नेटवर्कला सापडतो कसा? पेजिंग आणि लोकेशन अपडेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईल नेटवर्कच्या कामात असणाऱ्या माणसाला ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, त्यातले बरेचसे एकाच मुळाशी जाऊन पोचतात: फोन वापरात नसताना नेटवर्कला त्याच्याबद्दल किती माहिती असते? उत्तरं मुख्यतः टूजीच्या अंगाने दिली आहेत. साध्या कीपॅड फोनमुळे भारतात टूजी अजून चालू आहे आणि ही सगळी यंत्रणा तिथे सर्वांत उघडपणे दिसते. फोरजी आणि फाइव्हजीत काय बदललं ते शेवटाकडे आहे.

फोन खिशात पडून असतो तेव्हा तो नेमका कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला माहीत असतं का?

नाही. बहुतेकांना हेच खरं वाटत नाही. कॉल चालू असताना किंवा डेटा वाहत असताना नेटवर्कला तुमचा सेल, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या टप्प्यातला भाग, माहीत असतो, कारण त्या सेलचा एक चॅनल तुमच्या नावावर लागलेला असतो. कॉल संपला, चॅनल सुटला की फोन आयडल होतो. मग तो एका सेलवरून दुसऱ्यावर स्वतःच सरकत राहतो आणि प्रत्येक वेळी कुणाला सांगत बसत नाही. फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या दांड्या म्हणजे फोनला टॉवर ऐकू येतोय एवढंच. टॉवरला फोन ऐकू येतोय असा त्याचा अर्थ होत नाही.

नेटवर्ककडे आयडल फोनची एकच ढोबळ नोंद असते: हा फोन अमुक लोकेशन एरियात आहे. बाकी शोध कॉल आल्यावर घ्यायचा. हे मुद्दाम असं ठेवलं आहे. प्रत्येक सेलबदलाला कळवायचं ठरवलं तर एसटीत बसलेल्या माणसाचा फोन काही न करता बॅटरी संपवेल आणि नेटवर्कचे चॅनल या कळवण्यातच अडकून पडतील.

लोकेशन एरिया म्हणजे किती मोठा भाग?

कंपनी ठरवेल तेवढा. एका लोकेशन एरियात काही डझनांपासून काहीशे सेल असू शकतात. दाट शहरात तो दोन-चार उपनगरांएवढा असेल, तर विरळ वस्तीत एखाद-दोन जिल्ह्यांएवढा.

प्रत्येक एरियाला एक ओळख असते आणि तिचे तीन भाग पडतात. पहिला देशाचा कोड: भारतासाठी ४०४ आणि ४०५. दुसरा नेटवर्कचा कोड, आणि तिसरा त्या नेटवर्कातल्या एरियाचा १६ बिटांचा क्रमांक, ज्याला सगळे ‘लॅक’ म्हणतात. भारतात परवाने सर्कलनिहाय दिले गेल्यामुळे नेटवर्कचा कोडही सर्कलनुसार बदलतो. मुंबई हे वेगळं सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा वेगळं. एमटीएनएलचा मुंबईतला कोड ४०४-६९, तर बीएसएनएलचा महाराष्ट्रातला ४०४-६६. खाजगी कंपन्यांचंही तसंच. म्हणजे मुंबईहून पुण्याला जाताना लॅकचा आकडा योगायोगाने तोच निघाला, तरी कंपनीचा सर्कल-कोड बदलल्यामुळे लोकेशन एरियाची ओळख बदलतेच.

हद्द ओलांडल्याचं फोनला कसं कळतं?

प्रत्येक सेल आपल्या एरियाची ओळख न थांबता प्रसारित करत असतो. फोनने शेवटची नोंदणी ज्या एरियात केली, त्याची ओळख सिम कार्डावर एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असते. नवा सेल पकडला की फोन दोन्ही ताडून बघतो. सारख्या असल्या तर गप्प राहतो. वेगळ्या असल्या तर नेटवर्कशी क्षणभर संपर्क करून सांगतो की मी आता इथे आहे. हाच लोकेशन अपडेट.

ही नोंद दोन पातळ्यांवर राहते. त्या भागाच्या एक्स्चेंजला, म्हणजे एमएससीला, जोडलेल्या व्हीएलआर या स्थानिक नोंदवहीत ‘कुठला लोकेशन एरिया’ हे असतं. कंपनीच्या एचएलआर या मुख्य नोंदवहीत फक्त ‘कुठला व्हीएलआर’ एवढंच असतं. त्यामुळे एकाच व्हीएलआरच्या दोन एरियांमध्ये ये-जा केली तर एचएलआरला पत्ताही लागत नाही. व्हीएलआर बदलला तरच नोंद वरपर्यंत जाते आणि जुन्या व्हीएलआरमधली पुसली जाते.

अपडेट तीन कारणांनी होतो: हद्द ओलांडली म्हणून, फोन चालू केला म्हणून, किंवा काहीच घडलेलं नसताना ठरावीक वेळ उलटली म्हणून. हा तिसरा, ठरावीक वेळाने होणारा अपडेट बिनमहत्त्वाचा वाटतो. पण माझ्या मते या विषयातल्या सर्वांत चकवणाऱ्या तक्रारी त्याच्यातूनच येतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कोल्हापुरातून कुणी फोन लावला आणि माझा फोन नाशिकला टेबलावर पडलेला आहे. घंटी वाजेपर्यंत काय काय घडतं?

कोल्हापूरचा कॉल आधी तुमच्या कंपनीच्या गेटवे एक्स्चेंजपाशी येतो. तुमच्या नंबरवरून तुम्ही कुठे आहात हे कळत नाही, म्हणून गेटवे एचएलआरला विचारतो. एचएलआरला फक्त व्हीएलआर माहीत असतो, म्हणून तो नाशिकच्या व्हीएलआरकडे एक तात्पुरता नंबर मागतो. हा रोमिंग नंबर त्या एका कॉलपुरता असतो, आणि कॉल नाशिकच्या एमएससीपर्यंत वळवणं हेच त्याचं काम. गेटवे त्या नंबरवर कॉल पुढे ढकलतो. इथवरचा सगळा प्रवास तारांमधून होतो आणि लवकर उरकतो.

आता नाशिकच्या एमएससीपाशी कॉल आला आहे आणि तिला एवढंच माहीत आहे की तुम्ही अमुक लोकेशन एरियात आहात. ती त्या एरियातल्या सगळ्या सेलना पेजिंगचा आदेश देते. गावात दवंडी पिटावी तशी प्रत्येक सेलवरून तुमच्या नावाची हाक दिली जाते. हाकेत तुमचा फोन नंबर नसतो, सिमचा मूळ क्रमांकही शक्यतो नसतो. व्हीएलआरने दिलेली ३२ बिटांची तात्पुरती ओळख असते, टीएमएसआय.

तुमचा फोन ती ओळख ऐकतो आणि ज्या सेलखाली आहे त्याच्याकडे एक अगदी छोटा संदेश पाठवून चॅनल मागतो. सेल चॅनल देतो आणि त्यावरून फोन कळवतो की हाक माझ्यासाठी होती. या क्षणी नेटवर्कला तुमचा सेल पहिल्यांदा कळतो. मग ओळख पटवणं, एन्क्रिप्शन सुरू करणं, कॉल येत असल्याचं सांगणं, आणि नंतर घंटी. फोन लावल्यावर पलीकडून रिंग ऐकू येण्याआधी जी शांतता असते, तिचा बराचसा भाग या शोधात जातो.

उत्तर आलं नाही तर एमएससी साधारण पाच-सात सेकंद थांबून पुन्हा हाक देते. दुसऱ्या वेळी काही नेटवर्क सिमच्या मूळ क्रमांकाने हाक देतात, काही एकाच एरियाऐवजी एमएससीच्या सगळ्या एरियांमध्ये. त्यानंतरही उत्तर नसेल तर फोन लावणाऱ्याला ध्वनिमुद्रित संदेश ऐकवला जातो.

मग फोन सतत कान लावून बसलेला असतो का? बॅटरी कशी टिकते?

फोन बहुतेक वेळ झोपलेला असतो. सिमच्या क्रमांकावरून एक साधं गणित करून फोन आणि नेटवर्क दोघंही ठरवतात की या फोनची हाक कुठल्या ठरावीक वेळीच दिली जाईल. टूजीत ही वेळ २ ते ९ मल्टिफ्रेमनंतर पुन्हा येते. एक मल्टिफ्रेम सुमारे २३५ मिलिसेकंदांची, म्हणजे फोन अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या अंतराने जागा होतो. हे अंतर ५ मल्टिफ्रेमचं ठेवलं असेल तर जवळपास १.२ सेकंदात फोनला अठराएक मिलिसेकंदच ऐकावं लागतं. अंतर वाढवलं की बॅटरी वाचते, पण हाक पोचायला तेवढा उशीर लागतो.

अख्खं सर्कल एकच लोकेशन एरिया का करत नाहीत? मग अपडेटची भानगडच नको.

कारण हाक प्रत्येक सेलमध्ये द्यावी लागते, आणि एका सेलमधून सेकंदाला किती हाका देता येतील याला मर्यादा आहे.

हे आकड्यांत बघू. टूजीच्या साध्या रचनेत एका मल्टिफ्रेममध्ये हाका आणि चॅनल देण्याच्या कामाचे ९ ब्लॉक असतात. त्यातले २ चॅनल देण्यासाठी राखून ठेवले तर ७ उरतात, म्हणजे सेकंदाला साधारण ३० ब्लॉक. एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त ४ टीएमएसआय मावतात, म्हणून कागदावर सेकंदाला सुमारे ११९ हाका. सिमच्या मूळ क्रमांकाने हाक दिली तर एका ब्लॉकमध्ये दोनच मावतात आणि क्षमता निम्म्यावर येते.

आता समजा एका एरियात तीन लाख ग्राहक आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येकाला सरासरी एक कॉल किंवा एसएमएस येतो. एसएमएससाठीही पेजिंग लागतंच. तीन लाख भागिले ३,६०० म्हणजे सेकंदाला ८३ हाका. पाचातली एक पुन्हा द्यावी लागली तर १००. वरची ११९ ही मर्यादा प्रत्यक्षात कधीच पूर्ण गाठता येत नाही, कारण एका ब्लॉकमध्ये बसवायचे चारही फोन एकाच वेळगटातले असावे लागतात. म्हणजे हा एरिया काठोकाठ भरलेला आहे आणि तो दोन भागांत तोडायला हवा.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच भागात आणखी टॉवर उभारले तरी पेजिंगची क्षमता वाढत नाही. नवा टॉवरही त्याच हाका देणार. टॉवरने बोलण्याचे चॅनल वाढतात, हाका वाढवायच्या तर एरिया लहानच करावा लागतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे एरियातला सर्वांत दुबळा सेल. लहान गावातल्या सेलमध्ये चॅनल वाचवण्यासाठी पुष्कळदा हाका आणि इतर छोटी कामं एकाच चॅनलवर बसवणारी एकत्रित रचना वापरतात. तिथे ९ ऐवजी ३ ब्लॉक मिळतात. त्यातला एक राखीव धरला तर उरलेल्या दोनांत सेकंदाला जेमतेम ३४ हाका. असा सेल शहराच्या लोकेशन एरियाला जोडला गेला, तर शहराच्या १०० हाका त्याच्यावरही येऊन आदळतात आणि बहुतेक टाकून दिल्या जातात. गावात रेंज उत्तम असते, तिथून बाहेर कॉलही झटक्यात लागतात, पण संध्याकाळी येणारे कॉल पोचत नाहीत. फक्त येणारे कॉल, फक्त गर्दीच्या वेळी आणि फक्त एका सेलखाली चुकत असतील तर आधी इथे बघावं. अँटेना तपासण्यात दिवस घालवू नयेत.

लोकेशन एरियाची हद्द कुठे आखतात?

जिथून कमीत कमी लोक ये-जा करतात तिथे: खाडी, डोंगर, मोकळी शेतं. रेल्वेमार्ग आणि हमरस्ता कापणारी हद्द शक्यतो टाळतात, कारण तिथे अपडेट एकटादुकटा येत नाही, झुंडीने येतो.

मुंबईची बारा डब्यांची लोकल घ्या. लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती एका रेषेवरून पंधरा-सोळा सेकंदांत पार होते. गाडीत एका कंपनीचे टूजीवर आयडल असलेले ४०० फोन आहेत असं धरू. म्हणजे सेकंदाला पंचवीसेक अपडेट. एका अपडेटला चॅनल साधारण चार सेकंद अडकतो, आणि अशा छोट्या कामाच्या आठ चॅनलांचा एक गट सेकंदाला दोनच अपडेट हाताळतो. पंचवीस आणि दोन यांच्यात केवढं अंतर आहे बघा. चॅनल मिळाला नाही तर फोन पुन्हा प्रयत्न करतात, त्या सेलखालच्या घरांतल्या लोकांचे कॉलही त्याच रांगेत अडकतात, आणि गाडीतल्या लोकांची नोंद तोवर जुन्या एरियातच राहते.

प्रत्यक्षात परिस्थिती थोडी बरी असते, कारण सगळे फोन एकाच रेषेवर सेल बदलत नाहीत. कुणी खिडकीपाशी, कुणी आत, त्यामुळे बदल काही शे मीटरवर पसरतो. म्हणूनच बोगदा ही हद्दीसाठी वाईट जागा. नकाशावर ती आदर्श दिसते: डोंगर आहे, वस्ती नाही. पण कळवा आणि मुंब्र्याच्या मधल्या पारसिकच्या बोगद्यासारख्या ठिकाणी हद्द ठेवली आणि आत सिग्नल तुटत असला, तर बाहेर पडताच गाडीतले सगळे फोन जवळजवळ एकदम नवा सेल शोधतात आणि एकदम अपडेट मागतात. बोगद्याची दोन्ही तोंडं एकाच एरियात ठेवून हद्द दोन-तीन सेल पुढे सरकवणं हा त्यावरचा उपाय.

माझं घर अशा हद्दीवरच असेल तर?

तर फोन दोन एरियांमध्ये हेलकावे खात राहू शकतो. दोन सेलचा सिग्नल जवळपास सारखा असला की दार उघडलं, माणूस खोलीतून फिरला, एवढंही पुरतं. हे टाळण्यासाठी एरिया बदलताना एक अट असते: नवा सेल जुन्यापेक्षा ठरावीक डेसिबलने सरस असला तरच उडी मारायची. ही फरकाची मर्यादा ० ते १४ डेसिबलपर्यंत दोन-दोनच्या पायरीने ठेवता येते. फार कमी ठेवली तर हेलकावे, फार जास्त ठेवली तर फोन क्षीण झालेल्या जुन्या सेललाच चिकटून बसतो.

नुकसान दोन प्रकारचं होतं. बॅटरी लवकर उतरते, हे एक. दुसरं म्हणजे अपडेट चालू असलेल्या त्या काही सेकंदांत कॉल आला तर हाक जुन्या एरियात दिली जाते आणि फोन तिथे नसतो. दुसरी हाक व्यापक असेल तर कॉल वाचतो, नाहीतर तुम्हाला नंतर फक्त मिस्ड कॉलचा एसएमएस मिळतो.

‘स्विच ऑफ’ आणि ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ यांत फरक काय?

फोन रीतसर बंद केला किंवा फ्लाइट मोडवर टाकला तर तो जाता जाता नेटवर्कला कळवतो. व्हीएलआर त्याच्यापुढे खूण करतो आणि नंतर आलेल्या कॉलसाठी हाक दिलीच जात नाही. संदेश लगेच ऐकू येतो.

बॅटरी काढली किंवा तळघरात सिग्नल गेला तर कळवायला संधीच मिळत नाही. नेटवर्क त्याला हजर समजतं, हाक देतं, वाट बघतं, पुन्हा हाक देतं, आणि मग संदेश. म्हणून शब्दांपेक्षा शांततेकडे लक्ष द्या. शब्द कंपनीगणिक बदलतात. नंबर लावल्याबरोबर संदेश आला तर नेटवर्कने शोध घेतलेलाच नाही. दहा-पंधरा सेकंद शांतता आणि मग संदेश आला तर शोध घेतला, पण फोन सापडला नाही.

माझ्या आईच्या फोनला कायम फुल रेंज असते, तरी लोक म्हणतात ‘स्विच ऑफ’ लागतोय. असं कसं?

ठरावीक वेळाने होणारा अपडेट इथे कामाला येतो. तळघरात गेलेल्या किंवा बॅटरी काढलेल्या फोनला कायम हाका मारत बसणं परवडत नाही, म्हणून नेटवर्कचा नियम असा की फोनने अधूनमधून हजेरी लावावी. हजेरीचं अंतर टी३२१२ नावाच्या टायमरने ठरतं. ते ६ मिनिटांच्या पटीत असतं, जास्तीत जास्त २५५ पट, म्हणजे साडेपंचवीस तास. शून्य ठेवलं तर हजेरीच नाही. व्हीएलआरकडेही स्वतःचा एक टायमर असतो. तेवढ्या वेळात फोनकडून काहीच आलं नाही तर व्हीएलआर त्याला बंद समजतो.

व्हीएलआरचा टायमर हजेरीच्या अंतरापेक्षा मोठा असायलाच हवा. पण टूजीत ही दोन मूल्यं दोन वेगळ्या ठिकाणी भरली जातात. हजेरीचं अंतर सेल प्रसारित करतो, ते रेडिओ विभागाचे लोक बदलतात. व्हीएलआरचा टायमर एक्स्चेंजमध्ये असतो, तो दुसरी मंडळी सांभाळतात.

समजा अपडेटचा भार कमी करायचा म्हणून रेडिओ विभागाने काही सेलमध्ये टी३२१२ वाढवून ४० केला, म्हणजे चार तास. व्हीएलआरचा टायमर मात्र तीन तासांचाच राहिला. आईंनी सकाळी ९ ला कॉल केला आणि फोन देवघरापाशी ठेवला. १२ वाजेपर्यंत सगळं ठीक. १२ वाजता व्हीएलआर म्हणतो, तीन तास झाले, हा फोन बंद आहे. १२ ते १ आलेला प्रत्येक कॉल हाक न देताच परत जातो, संदेश लगेच ऐकू येतो. १ वाजता फोन हजेरी लावतो आणि पुन्हा सापडू लागतो. ४ ते ५ पुन्हा गायब. फोनच्या पडद्यावर या सगळ्या काळात रेंज पूर्ण, कारण फोनच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

या बिघाडाची ओळख पटते ती पीडित कोण आहेत यावरून. कॉल, एसएमएस किंवा एरियाबदल, कशानेही दोन्ही टायमर नव्याने सुरू होतात. त्यामुळे दिवसभर फोन वापरणाऱ्या, हिंडणाऱ्या माणसाला हा त्रास कधीच होत नाही. त्रास होतो घरी बसलेल्या, फोन क्वचित वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, आणि नेमका त्यांच्याच तक्रारीवर सर्वांत कमी विश्वास ठेवला जातो. ‘आजींनी चुकून बंद केला असेल’ असं म्हणून विषय संपतो. तपासणीसाठी आलेला माणूस त्यांच्या फोनवरून एक कॉल लावून बघतो, त्याच कॉलने टायमर नव्याने सुरू होतो, पुढचा येणारा कॉल व्यवस्थित लागतो आणि तक्रार बंद केली जाते. म्हणून असा फोन तपासताना त्याला हात न लावता आधी बाहेरून कॉल करून बघावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

फोरजीत हे सगळं बदललं का?

मूळ कल्पना तीच, पण तीन चांगले बदल झाले. लोकेशन एरियाऐवजी ट्रॅकिंग एरिया आला, आणि नेटवर्क फोनला एकाऐवजी एरियांची यादी देऊ शकतं, जास्तीत जास्त १६ ची. यादीतल्या कुठल्याही एरियात फिरा, अपडेट नाही. हद्दीवरच्या घराचा प्रश्न यामुळे जवळपास सुटतो: दोन्ही एरिया यादीत टाकले की हेलकावे थांबतात. शिवाय वेगवेगळ्या फोनना वेगवेगळ्या याद्या देता येतात, त्यामुळे अख्ख्या गाडीची हद्द एकाच जागी येत नाही.

दुसरा बदल टायमरचा. फोरजीत फोनला हजेरीचं अंतर फोनच्या नोंदी सांभाळणारी एमएमई ही मुख्य नेटवर्कातली यंत्रणा सांगते आणि वाट बघणारा टायमरही तिच्याकडेच असतो. मानकात हजेरीचं मूळ मूल्य ५४ मिनिटं आहे आणि एमएमईचा टायमर त्याहून ४ मिनिटं जास्त धरलेला आहे. दोन विभागांनी दोन आकडे भरायचा प्रश्न तिथेच कमी झाला.

तिसरा बदल हाक देण्याच्या पद्धतीत. अनेक नेटवर्क आधी फोन शेवटी जिथे दिसला त्या टॉवरवरच हाक देतात, सापडला नाही तर आसपास, आणि मग पूर्ण यादीत. घरी-ऑफिसात बसलेले बहुतेक फोन पहिल्याच हाकेत सापडतात.

व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची सोय, असेल तर येणारा कॉल नेटवर्कच्या दृष्टीने डेटाचं एक पॅकेट असतं. पॅकेट आलं, फोन आयडल आहे, म्हणून पेजिंग. व्होएलटीई नसेल तर फोन फोरजीवर हाक ऐकतो आणि बोलण्यासाठी टूजीवर उतरतो. उतरल्यावर त्याला जो लोकेशन एरिया मिळतो तो नेटवर्कने गृहीत धरलेला नसला तर आधी अपडेट करावा लागतो आणि कॉल रेंगाळतो. तो एरिया दुसऱ्याच एमएससीचा निघाला तर कॉल तुटूही शकतो. फोरजीचे आणि टूजीचे एरिया एकमेकांशी नीट जुळवून न ठेवल्याची ही खूण.

आणि फाइव्हजीत?

आयडल आणि चालू यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था आली, इनॅक्टिव्ह. यात फोन झोपतो, पण जोडणीची माहिती टॉवरच जपून ठेवतो आणि मोजक्या सेलांच्या छोट्या पट्ट्यात टॉवरच हाक देतात, मुख्य नेटवर्कला न विचारता. थोड्या थोड्या वेळाने डेटा वापरणाऱ्या फोनला याचा फायदा मिळतो.

हे मला माझ्या फोनवर बघता येईल का?

पुष्कळ अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` डायल केलं की फोनची माहिती उघडते आणि त्यात लॅक किंवा टॅक, म्हणजे ट्रॅकिंग एरियाचा क्रमांक, आणि सेलचा क्रमांक सापडतो. काही कंपन्यांनी हे बंद केलेलं असतं. आयफोनवर `*3001#12345#*` लावून फील्ड टेस्ट उघडतो. सिम घालायचा मॉडेम संगणकाला जोडला असेल तर आणखी सोपं:

```
AT+CREG=2
AT+CREG?
+CREG: 2,1,"1F41","2B0C"
```

शेवटच्या ओळीतला `1` म्हणजे आपल्याच नेटवर्कवर नोंदणी आहे, रोमिंगवर असता तर `5` दिसला असता. `1F41` हा लॅक, दशमान पद्धतीत ८००१, आणि `2B0C` हा सेल. फोरजीसाठी `CREG` च्या जागी `CEREG` वापरा. हद्दीवरचं घर असल्याचा संशय असेल तर मॉडेम खिडकीपाशी तासभर ठेवा. लॅक दोन आकड्यांमध्ये पुन्हा पुन्हा बदलताना दिसला तर संशय खरा.

हवेतल्या हाका ऐकून कुणी माझा माग काढू शकतं का?

टूजीत काही प्रमाणात, हो. हाका एन्क्रिप्ट केलेल्या नसतात, एरियातल्या कुणालाही ऐकता येतात. एखाद्याला पुन्हा पुन्हा अर्धवट कॉल करून त्या क्षणी कुठला टीएमएसआय पुकारला जातो हे पाहिलं, तर तो माणूस या एरियात आहे की नाही एवढं कळू शकतं. रस्ता किंवा घर कळत नाही. २०१३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: बदल केलेला साधा फोन खऱ्या फोनच्या आधी हाकेला उत्तर देऊन त्याचा कॉल अडवू शकतो, कारण पहिलं उत्तर देणाऱ्यालाच नेटवर्क चॅनल देतं. टीएमएसआय वरचेवर बदलणं आणि प्रत्येक कॉलला ओळख पटवणं हा यावरचा बचाव, आणि तो कितपत वापरायचा हे कंपनीच्या हातात असतं.

येणारे कॉल चुकतात अशी तक्रार करताना काय लिहावं?

‘रेंज असून फोन लागत नाही’ एवढ्याने कुणालाच काही शोधता येत नाही. चुकलेल्या दोन-तीन कॉलांची नेमकी वेळ लिहा. फोन लावणाऱ्याला संदेश लगेच ऐकू आला की बऱ्याच शांततेनंतर, हे त्याला विचारून लिहा. त्या कॉलच्या आधी तुमचा फोन किती वेळ नुसता पडून होता ते सांगा. फोन त्या वेळी टूजीवर होता की फोरजीवर, आणि पडद्यावर दिसणारा लॅक व सेल क्रमांक द्या. आणि घरातल्या किंवा शेजारच्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवर त्याच वेळी कॉल येत होता का, हेही लिहा. दोन्ही फोनचे कॉल चुकत असतील तर सेल किंवा एरिया तपासला जातो, एकाचेच चुकत असतील तर टायमर, सिम आणि फोन.